ओंटारियो पी.इंज. : सीबीएमध्ये "मी" नेमकं किती आणि कसं लिहायचं?

कोराडीकर
मेकॅनिकल, नागपूरकडच्या एका कारखान्यात सहा वर्षं, आता मिसिसागात. पी.इंज. परवान्यासाठी सीबीए, म्हणजे आपल्या अनुभवातून क्षमता दाखवायचं मूल्यमापन, लिहितोय; त्यातल्या ३४ क्षमतांपैकी तांत्रिक भागातच अडकलोय. माझा मसुदा:

"कूलिंग वॉटर पंपात कॅव्हिटेशन होत होतं. आमच्या टीमने सक्शन लाइन बदलून प्रश्न सोडवला आणि पंपाचं आयुष्य वाढलं."

माझं लिखाण पडताळणारे व्हॅलिडेटर म्हणजे माझे जुने साहेब; ते म्हणाले, "यात तू कुठे आहेस?" काय बदलू?

पक्या_७७
सोपं आहे. जिथे "आम्ही" तिथे "मी" कर. माझा मित्र असाच पास झाला.

स्नेहल_टोरांटो
पक्या, अर्धं बरोबर. नुसतं सर्वनाम बदललं तर "मी लाइन बदलली" होईल, आणि पाइप तर फिटरने बदलला! वाचणाऱ्याला बघायचं असतं, हिशेब कोणी केला आणि निर्णय कशावरून घेतला. कोराडीकर, पंपाच्या कर्व्हवर एनपीएसएच किती लागत होतं? प्रत्यक्षात किती मिळत होतं?

कोराडीकर
लागत होतं ४.२ मीटर, मिळत होतं ३.६. हिशेब मीच केला. सक्शन १५० मिमीची होती, घर्षणातच १.४ मीटर जात होते. २०० ची सुचवली. मंजुरी साहेबांची, काम कंत्राटदाराचं.

स्नेहल_टोरांटो
मग हेच लिहा की! परिस्थितीला दोन ओळी पुरे, कृतीला सगळी जागा:

"सक्शनचा दाब मी गेजवर मोजला आणि उपलब्ध एनपीएसएच काढलं. ते गरजेपेक्षा ०.६ मीटर कमी निघालं. तेवढ्याच प्रवाहाला घर्षण साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने घटतं, म्हणून २०० मिमीच्या पाइपात ते १.४ वरून सुमारे ०.३३ मीटरवर येईल आणि उपलब्ध एनपीएसएच ४.६७ होईल, असा हिशेब मी मांडला. शिफारस माझी, मंजुरी विभागप्रमुखांची."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने तुमचं काम लहान होत नाही, उलट सीमा स्पष्ट होते. परिणामात "आयुष्य वाढलं" नको. बदलानंतर काय मोजलं?

कोराडीकर
आवाज थांबला. कंपनाची नोंद होती, पण ती मेन्टेनन्सवाल्यांनी घेतली होती.

स्नेहल_टोरांटो
मग तसंच लिहा : नोंद त्यांनी घेतली, तुम्ही ती आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली. पाहिली असेल तरच हं.

मेलबर्नची_माई
आमच्याकडे तीन करिअर एपिसोड लिहावे लागतात, तेही परिच्छेदांना क्रमांक देऊन. तुम्हीही क्रमांक घाला.

स्नेहल_टोरांटो
माई, ते इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाचं. इथे प्रत्येक क्षमतेखाली परिस्थिती, कृती, परिणाम असे रकानेच असतात.

कोराडीकर
एक राहिलंच. २०० मिमीची कल्पना मुळात एका सीनियरने चहाच्या टपरीवर बोलता बोलता दिली होती. तेही लिहू?

पक्या_७७
टपरीचं कोण विचारतंय!

स्नेहल_टोरांटो
मी असते तर "सहकाऱ्याने पर्याय सुचवला, तो मी तपासला" असं लिहिलं असतं. पण यावर मतभेद आहेत. साहेबांना विचारा, सही त्यांनाच करायची आहे.