मदत हवी आहे: पळताना सातव्या किलोमीटरला पोटात कळ

गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे पळते. सातव्या किलोमीटरच्या आसपास पोटात मुरडा येतो आणि लगेच शौचाला जावंच लागतं. फार घाबरायला होतं. एरवी पोट ठीक असतं. ताप, रक्त काही नाही.

आधी रात्री साडेनऊला मटकीची उसळ-भाकरी आणि पहाटे सव्वापाचला दुधाची कॉफी घेऊन लगेच निघायचे. आता आदल्या रात्री आठला साधा वरणभात खाते. कॉफी पाऊण तास आधी घेते, म्हणजे पोट घरीच साफ होतं. दहा किलोमीटर निभतात.

पण रविवारी सोळा पळायचे असतात, उपाशीपोटी जमत नाही. निघण्याआधी किती वेळ आणि काय खाता? केळं की ब्रेड-जॅम? कॉफीतलं दूध बंद करून कुणाला फरक पडला का?