‘चपलचरण’ अकिलीस : विशेषण, बिरुद की पादपूरक?

दौत : ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याचा एक मराठी अनुवाद तपासतेय. पहिल्या सर्गात अकिलीस रुसून जहाजांपाशी बसलाय, तरी तिथेच त्याला ‘चपलचरण’ म्हटलंय. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजंही ‘वेगवान’! अशा विशेषणाला मराठीत काय म्हणावं?

पारावरचा : पादपूरक, म्हणजे ओळ भरायला घातलेला शब्द. आपले संस्कृतातले च, वै, तु, हि तसेच. खुशाल गाळा.

रानजाई : अर्धं बरोबर. ओळ भरायची असते खरी, पण कशाने भरायची हेही ठरलेलं असतं. ओळीच्या शेवटी पाच अक्षरांची जागा उरली की ‘दीओस अखिलेउस’, सात उरली की ‘पोदस ओकुस अखिलेउस’, म्हणजे तुमचा चपलचरण. आठ उरली की ‘पोदार्केस दीओस अखिलेउस’. ओडिसिअसचं ग्रीक नाव त्याच मापाचं, म्हणून त्याचीही याच तीन मापांची बिरुदं आहेत. एका जागेला एका वीराचं बहुधा एकच. होमरचा अभ्यासक मिल्मन पॅरी याने 1928 मध्ये हे मांडलं. गाता गाता ओळ रचणाऱ्याला शब्द शोधत थांबता येत नाही; नाव आणि बिरुद एकत्रच तोंडात येतं, मग वीर बसलेला असो की धावत. मी ‘ठरीव बिरुद’ म्हणेन.

खडूफळा : गीतेच्या पाठांतरात आमची मुलं ‘महाबाहो’च्या जागी ‘भरतर्षभ’ म्हणतात. तेही यातलंच का?

रानजाई : विषय थोडा वेगळा, ही संबोधनं आहेत. पण अडखळण्याचं कारण तेच. गीतेच्या अनुष्टुभ छंदात विषम चरणाचं सातवं अक्षर सहसा गुरू, सम चरणाचं लघू. म्हणून ‘तत्त्ववित्तु महाबाहो’ पहिल्या चरणात येतं, ‘ज्ञानी च भरतर्षभ’ चौथ्यात. अदलाबदल केली की चाल मोडते. शिवाय गीतेत ‘महाबाहो’ अर्जुनालाही म्हटलंय आणि कृष्णालाही.

पारावरचा : बरं, गाळत नाही. पण चिलखत चढवण्याची तीच ती वर्णनं? ती तरी छाटा.

रानजाई : तिथे तर मुळीच नको. पोटऱ्यांचं कवच, उरस्त्राण, तलवार, ढाल, शिरस्त्राण, शेवटी भाला : हा क्रम श्रोत्यांना पाठ असतो. तिसऱ्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच क्रमाने सजतो, पण उरस्त्राण भावाचं घालतो. सोळाव्यात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस त्याचं सगळं चढवतो आणि नेमक्या भाल्यापाशी कवी सांगतो, अकिलीसचा तेवढा घेतला नाही. तो पेलणं त्याच्याखेरीज कुणालाच जमत नसे. क्रम छाटलात तर हा खड्डा वाचकाला दिसणारच नाही.

दौत : मग बावीसाव्या सर्गात, अकिलीस हेक्टरच्या मागे धावतो तिथेही त्याला वेगवान पायांचा म्हटलंय. तेही नुसतं ठरीव?

रानजाई : तिथे जाणकारांत एकमत नाही. पॅरीच्या वाटेने गेलं तर ठरीवच. मला मात्र तिथे श्रोत्याला तो शब्द नव्याने ऐकू येत असावा असं वाटतं.

पारावरचा : म्हणजे सोयीप्रमाणे ठरीव!