मदत हवी आहे: डिव्हॅल्युएशन आणि डिप्रिसिएशन नेमकं वेगळं कसं ओळखायचं?

ऋतुजा_दांडियाबाजार
नमस्कार सगळ्यांना. माझ्या धाकट्या भावाचं बी.कॉम.चं पहिलं वर्ष चालू आहे इथे बडोद्यालाच, आणि मी त्याचा अभ्यास घेते पण मी स्वतः सायन्सवाली त्यामुळे दोघंही अडकलोय. पुस्तकात डिव्हॅल्युएशन, डिप्रिसिएशन, रिव्हॅल्युएशन, अप्रिसिएशन असे चार शब्द आहेत आणि पेपर उघडला की रुपया जरा घसरला तरी बातमीत "अवमूल्यन" छापलेलं असतं, मग फरक राहिला कुठे? दुसरं म्हणजे १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं ते एका गाईडमध्ये ३६.५ टक्के लिहिलंय आणि दुसऱ्यात ५७.५ टक्के. कुठलं लिहायचं? अगदी घरगुती उदाहरण देऊन कोणी सांगेल का, तो व्याख्या पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी उलटं सांगतो.

रावपुरा_रिक्षावाला
ताई हे डिप्रिसिएशन मला चांगलंच माहीत आहे. माझ्या गाडीचं पुढचं बंपर फुटलं तर विमावाल्यांनी प्लॅस्टिक पार्ट म्हणून त्यावर सरळ ५० टक्के डिप्रिसिएशन कापलं, गाडी जेमतेम वर्षाची होती. याच्यावर तक्रार कुठे करायची कोणाला माहीत असेल तर सांगा.

मकरपुरा_एक्स्पोर्ट
रिक्षावाले भाऊ, ते वेगळं. तो वस्तूचा घसारा, आपण ज्याला झीज म्हणतो ते. प्लॅस्टिकला ५० टक्के कापायचा नियम पॉलिसीतच छापलेला असतो, तेव्हा पुढच्या वेळी झिरो डेप घ्या. ताई विचारतायत ते चलनाचं.

ऋतुजाताई, सोप्पं आहे. रिझर्व्ह बँकेने पाडला तर डिव्हॅल्युएशन, बाजाराने पाडला तर डिप्रिसिएशन. आता रिझर्व्ह बँक रोज बाजारात डॉलरची खरेदी-विक्री करतेच, म्हणजे हल्ली रुपया पडतो ते पण डिव्हॅल्युएशनच झालं एका अर्थी, पेपरवाले चूक नाहीत.

जोगळेकर_काका
मकरपुरावाले, पहिलं वाक्य ठीक आहे पण त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नाही. मी परकीय चलनाच्या टेबलवर बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऋतुजा, भावाला खंडेराव मार्केटला घेऊन जा. भेंडीचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, पाऊस पडून माल आला नाही तर तिसरा, आणि तो कोणी जाहीर करत नाही. दुधाच्या पिशवीचा भाव मात्र डेअरी ठरवते, महिनोन् महिने तोच राहतो आणि मग एक दिवस नोटीस लागते की उद्यापासून इतके. आता भाजीच्या किंवा दुधाच्या जागी रुपया ठेव. भेंडीसारखा आपोआप उतरला तर डिप्रिसिएशन, चढला तर अप्रिसिएशन. दुधासारखा नोटीस काढून उतरवला तर डिव्हॅल्युएशन, नोटीस काढून चढवला तर रिव्हॅल्युएशन. म्हणजे पहिला प्रश्न "पडला का चढला" हा नाहीच, पहिला प्रश्न हा की त्या देशाने एक दर बांधून ठेवला होता का. बांधलेला दरच नसेल तर डिव्हॅल्युएशन होणार कशाचं?

१९६६ घे. डॉलर ४ रुपये ७६ पैशाला असा दर सरकारने बांधलेला होता, १९४९ पासून तोच. ६ जून १९६६ पासून तो ७ रुपये ५० पैसे केला. १०० डॉलरचा माल बाहेर विकणाऱ्याला आदल्या दिवशी ४७६ रुपये मिळाले असते, त्या दिवसापासून ७५०. उलट १००० डॉलरचं मशीन मागवणाऱ्याला ४७६० च्या जागी ७५०० मोजायचे. मधे कुठली पायरी नाही, एका रात्रीत. हे डिव्हॅल्युएशन.

आता टक्के. दोन्ही गाईडं बरोबर आहेत, फक्त एकाने डॉलरकडून बघितलं आणि दुसऱ्याने रुपयाकडून. डॉलर ४.७६ चा ७.५० झाला म्हणजे तो ५७.५ टक्के महाग. पण १०० रुपयांना आधी २१ डॉलर यायचे ते नंतर १३.३३ च यायला लागले, म्हणजे रुपया ३६.५ टक्के स्वस्त. प्रश्न रुपयाच्या अवमूल्यनाचा असेल तर ३६.५ लिहायचं. याच्यावर मुलांचे मार्क हमखास जातात.

आता २०१३ बघ. मेच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. दिल्लीतून कोणी नोटीस काढली होती का? नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी कमी करण्याचे संकेत दिले, परदेशी गुंतवणूकदार इथून पैसा काढायला लागले, सगळ्यांना एकदम डॉलर हवे झाले. आणि रिझर्व्ह बँक तेव्हा उलट घसरण थांबवायला धडपडत होती, त्याच २८ ऑगस्टला तिने तेल कंपन्यांना डॉलर द्यायची वेगळी खिडकी उघडली म्हणजे त्या बाजारात येऊन डॉलर ओढणार नाहीत. मकरपुरावाले, हाच मुद्दा आहे. बाजारात उतरून भाव सांभाळणं वेगळं आणि बांधलेला भाव बदलून जाहीर करणं वेगळं. रुपया मार्च १९९३ पासून बाजारावर सोडलेला आहे, त्यानंतर जे काही झालं त्याला डिप्रिसिएशनच म्हणायचं.

मकरपुरा_एक्स्पोर्ट
काका, ५४ चे ६८ हा मुद्दा पटला. पण चढण्याचा त्रास पण लिहा ना, त्याचं कोणी बोलत नाही. २००७ ला डॉलर ४४ वरून वर्षाअखेर ३९ वर आला होता, आमच्यासारख्यांनी ऑर्डर ४४ धरून घेतलेली आणि पैसे हातात आले तेव्हा ३९-४० चा भाव, १०००० डॉलरच्या बिलात ४०-५० हजार गेले की. तेव्हा रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेत होती तरी रुपया चढला. मग ते अप्रिसिएशन बरोबर ना?

जोगळेकर_काका
अगदी बरोबर, ते अप्रिसिएशन. रिव्हॅल्युएशनसाठी भावाला चीनचं उदाहरण लिहू दे, २१ जुलै २००५. डॉलरला ८.२८ युआन असा दर वर्षानुवर्षं धरून ठेवला होता तो एका दिवसात ८.११ केला. फक्त २ टक्के, पण जाहीर करून.

नंदामावशी_वाडी
माझी भाची दुबईला आहे. ती म्हणते दिरहम वाढला म्हणून आईबाबांना जास्त रुपये मिळतात. मग तिकडच्या सरकारने रिव्हॅल्युएशन केलं असं झालं ना? दिरहम तर बांधलेला आहे म्हणतात.

ऋतुजा_दांडियाबाजार
मावशी, हे भावाने सोडवून बघितलं, काका तपासून सांगा. दिरहम डॉलरशी बांधलाय, एका डॉलरला ३.६७२५, आणि तो आकडा १९९७ पासून हललेला नाही. डॉलर ४५ रुपये होता तेव्हा दिरहम झाला १२ रुपये २५ पैसे, डॉलर ६८ झाला तर साडेअठरा. म्हणजे दुबईने काहीच केलं नाही, आपला रुपया पडला आणि दिरहम डॉलरच्या बोटाला धरून वर गेला. बरोबर?

जोगळेकर_काका
शाब्बास, बिनचूक. हे त्याला जमलं म्हणजे त्याला कळलं.

सयाजीगंज_एमकॉम
काका, एक शंका. ११ ऑगस्ट २०१५ ला चीनने रोज सकाळी जाहीर होणारा मध्यदर जवळजवळ २ टक्के खाली आणला. वर्तमानपत्रांनी डिव्हॅल्युएशन म्हटलं, पण त्यांचं म्हणणं होतं की आम्ही फक्त दर बाजाराच्या जवळ नेला. तुमच्या दूध-भेंडीत हे कुठे बसवायचं?

जोगळेकर_काका
कुठेच नीट बसत नाही. दर पूर्ण बांधलेला नव्हता, पूर्ण सोडलेलाही नव्हता, मधला होता. मी स्वतः डिव्हॅल्युएशन म्हणतो कारण तो आकडा मध्यवर्ती बँकेने जाहीर केला, पण आमच्या टेबलवर अर्धे लोक हे मान्य करत नसत.

सयाजीगंज_एमकॉम
मी त्या अर्ध्यांतला आहे, कारण त्याच दिवशी त्यांनी असंही सांगितलं की यापुढे मध्यदर ठरवताना आदल्या दिवशीचा बाजाराचा बंद भाव बघणार. रात्री सविस्तर लिहितो.