जोडशब्द काढा, वाक्याचा क्रम बघा

"भाचीचा इंग्रजी निबंध तपासतेय. वाक्यं तुटक वाटतात, पण मी हात लावला की तो तिचा राहत नाही. काय करू?"

ताई, आधी तिचे 'मोअरओव्हर' आणि 'फर्दरमोअर' तपासा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने मंडईत फुलं विकणाऱ्या आजीवर लिहिलं होतं: "आजी सेल्स फ्लॉवर्स इन मंडई. मोअरओव्हर, मेट्रो वर्क मेड द लेन नॅरो. फर्दरमोअर, कस्टमर्स स्टॉप्ड कमिंग."

'मोअरओव्हर' त्याच बाजूचा आणखी एक मुद्दा जोडतो. इथे मात्र नातं कारण-परिणामाचं आहे, म्हणून वाचताना ठेच लागते. मी दोन्ही जोडशब्द खोडले आणि विचारलं, "गल्ली कोणाची? गिऱ्हाइकं कशामुळे थांबली?" मग तिनेच लिहिलं: "मेट्रो वर्क मेड हर लेन नॅरो. द नॅरो लेन केप्ट हर कस्टमर्स अवे." मागच्या वाक्याच्या शेवटी आलेली गोष्ट पुढच्याच्या सुरुवातीला आली की सांधा आपोआप जुळतो. पण अर्थाला कलाटणी असेल तिथला 'बट' ठेवा. तो काढला तर विरोधच हरवतो.

परिच्छेदांसाठी प्रत्येकाशेजारी समासात त्याचा मुद्दा सांगणारं एक मराठी वाक्य लिहा. त्यात 'आणि' घालावा लागला तर परिच्छेद बहुधा तिथे तोडायचा.

त्या मुलीच्या निबंधात "शी टॉक्स टू द मोगरा" असंही होतं. व्याकरण ठीक, प्रतिमा तिची. अशा ओळींखाली मी आधीच पेन्सिलीने रेघ मारते आणि त्यांना हात लावत नाही. दुरुस्ती सुचवायची ती प्रश्न म्हणूनच. वाक्य भाचीला लिहू द्या.