चार महिन्यांचा खोकला आणि बीपीची गोळी : सोसायटी ग्रुप, छत्रपती संभाजीनगर

जोशी वहिनी (बी-३०४): डॉक्टर, सासूबाई चार महिन्यांपासून खोकलायल्यात. कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही. दोन वेळा अँटिबायोटिक झालं, तीन बाटल्या सिरप संपलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. आता काय करावं?

काळे काका (बी-१०१): ज्येष्ठमध, हळद-दूध. आणि एसी बंद करा.

डॉ. पाटील (ए-१०२): काका, हळद-दुधाला हरकत नाही, पण आठ आठवड्यांवर गेलेला खोकला त्याने जात नसतो. वहिनी, आधी एक सांगा : बीपीची गोळी कोणती आहे आणि कधीपासून?

जोशी वहिनी: बीपी आधीपासूनच आहे. पूर्वीच्या गोळीने पाय सुजायचे, म्हणून दिवाळीच्या सुमारास बदलली. नाव पाहून सांगते.

मेडिकलवाले शिंदे (सी-००१): वहिनी, स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते नको. त्याच्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. कॉम्बिनेशनची गोळी असली तर तिथे दोन नावं असतील, दोन्ही सांगा.

जोशी वहिनी: रामिप्रिल ५. एकच नाव आहे.

डॉ. पाटील: मग पहिला संशय हिच्यावर. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं, एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, त्या सगळ्यांचा हा ओळखीचा त्रास आहे. बायकांमध्ये जास्त दिसतो. घशात गुदगुल्या झाल्यासारखं होतं, ढास लागते, पण बाहेर काही पडत नाही. खोकला गोळी सुरू केल्यावर पहिल्या दिवसापासून ते काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. त्यांचा नेमका कधी सुरू झाला?

जोशी वहिनी: गोळी बदलल्यावर साधारण तीन आठवड्यांनी. आम्हाला वाटलं थंडीचा असेल.

देशमुख (सी-२०२): बीपीच्या गोळीने खोकला? हे कसं काय?

डॉ. पाटील: ही गोळी शरीरातलं एक एन्झाइम अडवते. ते एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करतं, त्यामुळे ते अडवलं की बीपी उतरतं. पण त्याच एन्झाइमकडे दुसरं काम आहे : ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकायचं. ते थांबलं की ब्रॅडीकायनिन श्वासनलिकेत साठतं आणि खोकल्याच्या नसा चाळवत राहतं. सिरपने ही नस थोडा वेळ गप्प बसते इतकंच. अँटिबायोटिकचा इथे काहीच संबंध नाही.

काळे काका: मग आजच बंद करा की गोळी!

डॉ. पाटील: नाही काका, घरच्या घरी नको. बीपी चढलं तर खोकला परवडला म्हणायची वेळ येईल. आणि ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा ज्यांचं हृदय अशक्त आहे, त्यांना ही गोळी बीपीपेक्षा हृदयासाठी दिलेली असते. वहिनी, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा : "रामिप्रिल सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी खोकला लागला, बदलून देता येईल का?" बहुतेक ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतील. या "सार्टन" गोळ्या त्या एन्झाइमला हात लावत नाहीत, पुढच्या पायरीवर काम करतात, म्हणून खोकला क्वचितच होतो. पाय सुजणारी जुनी गोळी अॅम्लोडिपिन असणार, तिच्याकडे परत जायची गरज पडू नये.

देशमुख: माझ्याकडे टेल्मिसार्टनची उरलेली स्ट्रिप आहे, देऊ का वहिनी?

मेडिकलवाले शिंदे: नको हो. काउंटरवर हेच पाहतो आम्ही. जुनी बंद न करता नवी सुरू होते आणि दोन्ही पोटात जातात. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो.

डॉ. पाटील: बरोबर. गोळी बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं. घरी यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसून मग बीपी मोजा आणि वहीत लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा.

अॅडमिन: उद्या सकाळी ७ ला पाणी सुटणार आहे, टाक्या भरून ठेवा. चालू द्या तुमचं.

जोशी वहिनी: किती दिवसांत फरक पडतो?

डॉ. पाटील: इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पाच दिवस गोळी बंद ठेवतात, खोकला चालूच, मग म्हणतात "गोळीचा दोष नव्हता." साधारणपणे एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही लागतात. निदान महिनाभर थांबायचं. दुसरी चूक म्हणजे रामिप्रिल काढून एनालाप्रिल देणं. खोकला तसाच राहतो, कारण कुटुंब एकच. डोस अर्धा केल्यानेही फारसं काही साधत नाही. आणि हे ओळखायला रक्ताची किंवा फोटोची कोणतीही तपासणी नाही. गोळी सोडली आणि खोकला गेला, हाच पुरावा.

कुलकर्णी ताई (ए-३०१): आमच्या बाबांना अॅम्लोडिपिन आहे, पण खोकला त्यांनाही आहे. पहाटे तीनला उठवतो.

डॉ. पाटील: अॅम्लोडिपिनने असा खोकला होत नाही, दुसरं कारण शोधा. पहाटेची ढास, छातीत शीळ वाजल्यासारखं, धूळ किंवा थंडीने वाढतं, तर दमा असू शकतो. काहींना दम न लागता फक्त खोकलाच येतो. त्यासाठी फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री करून घ्या. जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर खोकला, सकाळी आवाज बसलेला, तर पित्त घशापर्यंत येतंय का बघा. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून १५ सेंटिमीटर उंची द्या. नुसती उशी वाढवली तर पोटावर घडी पडते, त्रास वाढतो. घशात सतत पाझरतंय असं वाटत असेल, दर मिनिटाला खाकरावं लागत असेल, तर नाकाकडे पाहावं लागेल.

कुलकर्णी ताई: बाबा डोळ्यांत काचबिंदूचे थेंबही घालतात.

डॉ. पाटील: हे महत्त्वाचं. थेंबांत टिमोलॉल आहे का बघा. ते डोळ्यातून थोडं रक्तात उतरतं आणि दम्याच्या माणसाची श्वासनलिका आवळतं. असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच सांगा, थेंब स्वतः बंद करू नका.

काळे काका: आणि टीबी?

डॉ. पाटील: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, घाटीच्या सरकारी दवाखान्यात मोफत होते. वहिनी, कफ पडत नसला तरी डॉक्टरांना विचारून घ्या. खोकल्यात रक्त, वजन उतरणं किंवा रात्री घाम, यातलं काही असेल तर गोळी बदलून वाट बघत बसायचं नाही. आणि रामिप्रिलवर असताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

जोशी वहिनी: उद्याच घेऊन जाते.

डॉ. पाटील: गोळी बदलून खोकला गेला की त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा : "रामिप्रिल चालत नाही, खोकला येतो, कोणतीही प्रिल नको." नाहीतर दोन वर्षांनी दुसरे डॉक्टर पुन्हा तीच लिहून देतील.