विषय: प्रायॉन आणि निर्जंतुकीकरण

“ऑटोक्लेव्हच्या गरम दाबवाफेत विषाणू मरतात, मग प्रायॉन का टिकतो?”

विषाणूकडे डीएनए किंवा आरएनए असतो. तो मोडला की त्याची वाढ थांबते. प्रायॉनकडे तो नसतोच. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. ते शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं, आणि फॉर्माल्डिहाइडने ती घडी उलट पक्की होते. १९७० च्या दशकात झुरिकमध्ये मेंदूत घालायचे इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफेने निर्जंतुक करूनही दोन रुग्णांना सीजेडी, म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्रायॉनमुळे होणारा जीवघेणा आजार, झाला. पुढे तेच इलेक्ट्रोड चिंपांझीच्या मेंदूत घातले, तोही आजारी पडला.

म्हणून उपकरणावर ऊती वाळू देऊच नका, वाळली की काढणं फार अवघड. उपकरण १ नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तासभर बुडवा, काढून पाण्यात घाला, मग १२१ अंश सेल्सिअसला तासभर ऑटोक्लेव्ह करा. ॲल्युमिनियम मात्र या द्रावणात खराब होतं.