पेन टेकवतो एकीकडं, रेघ उठते दुसरीकडं – मदत हवी आहे

निपाणीकर_मास्तर: टॅबवर पेननं लिहिता येईना झालंय. निब टेकवतो तिथून तीनेक मिलीमीटर उजवीकडं रेघ उठते. डाव्या कडेला तर काहीच उठत नाही. दहावीच्या पोरांना भूमिती शिकवतोय, स्पर्शिका काढायला गेलो की वर्तुळात घुसते. रीस्टार्ट करून झालं. सोमवारपासून उजळणी आहे, लवकर सांगा.

चिकोडी_कट्टा: टॅब कुठला? बोटानं बरोबर चालतंय का?

खानापूरचा_दादा: पेन चार्ज करा आणि ब्लूटूथमधून काढून परत पेअर करा. माझं तसंच सुटलं.

निपाणीकर_मास्तर: गॅलॅक्सी टॅब S6 Lite. बोटानं झकास चालतंय. ब्लूटूथमध्ये पेन दिसतच नाही!

शहापूर_रिपेअर: दिसणार नाही सर. ह्या पेनात बॅटरी नाही आणि ब्लूटूथही नाही. डिस्प्लेमागं डिजिटायझरचा थर असतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरच पेन चालतंय. दादांचं पेन वेगळ्या जातीचं असणार.
आता कव्हर काढा. सेटिंगमध्ये Build number सात वेळा दाबलं की Developer options उघडतंय, त्यात Pointer location चालू करा. स्क्रीनच्या मधोमध एका खुणेवर आधी बोट ठेवा, मग पेन, आणि दोन्हीचे X-Y आकडे बघा. पेन काचेच्या जरा वर धरूनही बघा. वर धरल्यावर पॉइंटर फिरतोय पण टेकवल्यावर रेघ नाही, तर निबकडं बघायचं. पॉइंटरच येत नसेल तर पेन नाहीतर डिजिटायझर.
स्क्रीन बदललाय का कधी?

गडहिंग्लजची_ताई: निबच असणार हो. आमच्या लेकीची घासून तिरपी झाली होती, चिमट्यानं ओढून नवीन घातली.

शहापूर_रिपेअर: ताई, झिजलेल्या निबनं रेघ तुटते, काचेवर ओरखडे पडतात. पण सगळीकडं सारखीच सरकत नाही.

निपाणीकर_मास्तर: कव्हर काढल्यावर डावी कड चालू झाली! पण मधे बोटाचा आणि पेनाचा X वेगळाच येतोय, Y सारखा. स्क्रीन मागच्या महिन्यात फुटला होता, बदलून घेतलाय. त्याचा काय संबंध?

शहापूर_रिपेअर: तिथंच गोम आहे. डावी कड कव्हरच्या चुंबकानं मारली होती, ते निस्तरलं. राहिलेलं सरकणं वेगळं. बोटाचा टच पुढच्या काचेबरोबर येतो, पेनाचा थर डिस्प्लेच्या पाठीला. स्क्रीन बसवताना तो थर बाजूला सरकून चिकटला असावा. सेटिंगनं जाणार नाही, उघडावंच लागेल. उघडताना एलसीडी तडकू शकतंय, ती जबाबदारी कुणाची ते आधी बोलून घ्या.

चिकोडी_कट्टा: सरळ कोल्हापूरला न्या.

खानापूरचा_दादा: कशाला? ज्यानं बसवला त्यानंच फुकट करून द्यायचं. आणि माझ्या पेनाला चार्जिंग लागतंच, उगाच खोटं ठरवू नका.

निपाणीकर_मास्तर: दुकानदाराला फोन केला. म्हणतोय पेनच खराब आहे, नवीन घ्या.

शहापूर_रिपेअर: घेऊ नका अजून. दुसऱ्या कुणाचा S6 Lite चा पेन त्याच्यासमोर त्याच खुणेवर ठेवा. तोही तेवढाच सरकला तर पेनाचा दोष नाही.

गडहिंग्लजची_ताई: निब बेळगावात कुठं मिळतील, कुणी सांगेल का?